रोजगार मेळाव्याच्या टेबलावर नेमके काय पाहिले जाते?

प्रश्न : «पुढच्या आठवड्यात छत्रपती संभाजीनगरला रोजगार मेळावा आहे. माझा मेकॅनिकल डिप्लोमा याच वर्षी पूर्ण झाला, अनुभव शून्य. कागदपत्रे कोणती न्यावीत, ओळख कशी करून द्यावी आणि सगळा दिवस रांगेत जाऊ नये म्हणून काय करावे?»

वाहनांचे सुटे भाग तयार करणाऱ्या एका कारखान्याच्या मनुष्यबळ विभागात मी काम करतो, आणि अशा मेळाव्यांत टेबलाच्या आतल्या बाजूला अनेकदा बसलो आहे. तेथे सहसा अंतिम निवड होत नाही, चाळणी होते. माझ्यासमोर एक तक्ता असतो. नाव, मोबाइल क्रमांक, शिक्षण, उत्तीर्ण झाल्याचे वर्ष, टक्केवारी, मूळ गाव, राहण्याची सोय, तिन्ही पाळ्यांत काम करण्याची तयारी आणि शेवटी शेरा, असे त्याचे रकाने असतात. एका उमेदवारासाठी जेमतेम दोन-तीन मिनिटे मिळतात आणि तेवढ्या वेळात हे रकाने भरून शेऱ्यात ‘पुढील फेरीस बोलवावे’ असे लिहायचे की नाही, हे ठरवावे लागते. तुमची तयारी या तक्त्याकडे पाहूनच करावी.

आधी कागदपत्रे. बायोडेटा एका पानाचा असावा आणि ज्या कंपन्यांना भेटायचे आहे त्यांच्या संख्येपेक्षा तीन-चार प्रती अधिक असाव्यात, कारण दिलेली प्रत परत मिळत नाही. मोबाइल क्रमांक वरच, ठळक अक्षरांत, आणि त्याखाली घरातील एखाद्याचा दुसरा क्रमांक. निवड होऊनही फोन न लागल्यामुळे सुटून गेलेली मुले मी पाहिली आहेत. फाइलमध्ये दहावीपासूनच्या गुणपत्रिका, तंत्रशिक्षण मंडळाच्या सर्व सत्रांच्या गुणपत्रिका, शाळा किंवा महाविद्यालय सोडल्याचा दाखला, आधार, पॅन, बँकेच्या पासबुकाचे पहिले पान आणि पासपोर्ट आकाराची छायाचित्रे ठेवावीत. या सर्वांच्या छायाप्रतींचे दोन-तीन संच करावेत. शेवटच्या सत्राची गुणपत्रिका सर्वांत वर ठेवावी, कारण आम्ही तीच आधी मागतो. मूळ कागद दाखवावेत, परंतु कोणाच्याही टेबलावर ठेवून जाऊ नयेत. आधारच्या प्रतीची गरज सहसा पुढच्या फेरीत किंवा रुजू होताना पडते. मेळाव्यात कोणी मागितलीच, तर पहिले आठ अंक झाकलेली प्रत द्यावी. ती आधारच्या अधिकृत संकेतस्थळावरून उतरवून घेता येते.

एक गोष्ट आजच तपासावी. आपल्याकडे दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येते, तर आधारवर बहुधा स्वतःचे नाव आधी असते. एवढ्या फरकाने काही अडत नाही. अडते ते स्पेलिंग निराळे असले किंवा आधार व पॅनवरील जन्मतारीख जुळत नसली की, कारण रुजू होताना भविष्यनिर्वाह निधीचे खाते आधारवरील तपशिलावरून उघडले जाते. आठवड्याभरात दुरुस्ती होईलच असे नाही, परंतु अर्ज केल्याची पावती जवळ असली तर पुढे खुलासा करणे सोपे जाते.

आता ओळख. ‘माझ्याबद्दल सांगायचे तर मी मेहनती आहे’ हे वाक्य दिवसभर ऐकू येते आणि त्याने माझा एकही रकाना भरत नाही. त्याऐवजी असे सांगून पाहा : ‘नमस्कार सर. मी अमुक, गाव गेवराई. मेकॅनिकल डिप्लोमा याच वर्षी, एकूण ६८ टक्के, एकही विषय राहिलेला नाही. ड्रॉइंग वाचता येते, व्हर्नियर आणि मायक्रोमीटर वापरले आहेत. वाळूजला मामांकडे राहण्याची सोय आहे, तिन्ही पाळ्या चालतील. गुणवत्ता विभागात किंवा उत्पादनात काम करण्याची इच्छा आहे.’ हे वीस-पंचवीस सेकंदांत होते, तक्ता जवळजवळ भरतो आणि उरलेला वेळ मला तुमचे काम जोखण्यासाठी मिळतो. मराठीत बोलावे की इंग्रजीत, याची चिंता नको. समोरचा ज्या भाषेत विचारेल तीत उत्तर द्यावे. एखाद्या विषयात एटीकेटी असेल किंवा मध्ये वर्ष गेले असेल तर स्वतःहून एका वाक्यात सांगावे, कारण ते गुणपत्रिकेवर दिसतेच.

जे येते म्हणून सांगाल, त्यावरच पुढचा प्रश्न येतो. मायक्रोमीटरचे नाव घेतलेत की त्याचे लघुतम माप विचारले जाणार : नेहमीच्या मायक्रोमीटरचे ०.०१ मिलिमीटर, आणि कार्यशाळेतील व्हर्नियरचे बहुधा ०.०२. माझा स्वतःचा आवडता प्रश्न असा : शाफ्टचा व्यास २५ अधिक-उणे ०.०५ दिला आहे आणि मोजल्यावर २५.०७ आला, तर काय कराल? बरेच जण ‘रिजेक्ट’ म्हणून थांबतात. वरची मर्यादा २५.०५ आहे, म्हणून भाग मापात बसत नाही, हे बरोबरच आहे. पण शाफ्ट जाड झाला असेल तर पुन्हा घासून मापात आणता येण्याची शक्यता असते. तोच फरक भोकाच्या व्यासात असता, तर काढलेला धातू परत भरता येत नाही आणि भाग बहुधा भंगारात जातो. हा भेद सांगणाऱ्या मुलापुढे टक्केवारीचा रकाना मी फारसा पाहत नाही. तेव्हा बायोडेटात चारच कौशल्ये लिहावीत, पण त्यांची उजळणी नीट करून यावे.

रांगेचे गणित मेळाव्याच्या आधीच सुरू होते. शासकीय मेळावा असेल तर rojgar.mahaswayam.gov.in येथे नोंदणी करून सहभागी उद्योगांची व रिक्त पदांची यादी पाहावी, आणि जेथे डिप्लोमा मेकॅनिकल अशी स्पष्ट मागणी आहे अशा चार-पाच कंपन्या निवडाव्यात. नोंदणी क्रमांक कागदावर लिहून ठेवावा, कारण गर्दीत मोबाइलचे नेटवर्क कोलमडते. दार उघडण्याच्या तासभर आधी पोहोचावे. आत गेल्यावर सगळा लोंढा सर्वांत प्रसिद्ध नावाकडे धावतो. तुम्ही आधी यादीतील दुसऱ्या-तिसऱ्या पसंतीच्या मध्यम कारखान्याकडे जावे. तेथे रांग लहान असते, शिवाय पहिल्या मुलाखतीतच तुमची जीभ मोकळी होते. मोठ्या नावाची रांग जेवणाच्या सुमारास बरीच विरळते, म्हणून डबा थोडा आधीच खाऊन घ्यावा. मात्र ते टेबल चार वाजेपर्यंत राहील असे धरू नये; लांबून आलेले प्रतिनिधी दुपारनंतर आवरू लागतात. कोणत्याही रांगेत उभे राहण्यापूर्वी पुढून परतणाऱ्या उमेदवाराला किंवा स्वयंसेवकाला विचारावे की येथे डिप्लोमावाले घेतात की फक्त आयटीआयवाले. या एका प्रश्नाने तास वाचतो.

निवडीची शक्यता दिसू लागली की तुम्हीही दोन गोष्टी विचाराव्यात : वेतन कंपनी देणार की कंत्राटदार, आणि पद शिकाऊ उमेदवाराचे आहे की प्रशिक्षणार्थीचे. शिकाऊ उमेदवारी ठरावीक मुदतीची असते, तीत विद्यावेतन मिळते आणि मुदतीनंतर कायम करण्याचे बंधन मालकावर सहसा नसते. नोंदणी, गणवेश किंवा अनामत म्हणून कोणी पैसे मागितले, तर तेथून निघावे आणि आयोजकांना सांगावे.

टेबल सोडताना प्रतिनिधीचे नाव, पुढील फेरीचे ठिकाण आणि संपर्क क्रमांक वहीत लिहून घ्यावा. ‘प्राथमिक निवड’ झालेल्यांना बहुतेक ठिकाणी कारखान्यात पुन्हा मुलाखतीला आणि मग वैद्यकीय तपासणीला बोलावतात. आठवड्याभरात निरोप आला नाही, तर त्या क्रमांकावर मेळाव्याची तारीख आणि पदाचे नाव सांगून एकदा चौकशी करावी.