चार्ज देताना लिहिलेली अकरा पानं

प्रश्न: वीस वर्षं एकाच ऑफिसात क्लार्क होतो. कपातीत नोकरी गेली. बायोडाटा लिहायला बसलो की चार ओळींपुढे जात नाही. तेच ते काम केलं, त्यात लिहिण्यासारखं काय असतं?

माझ्या चार नव्हे, सहा ओळी झाल्या होत्या. त्यातली सहावी ओळ होती, "वरिष्ठ सांगतील ती इतर कामे". रात्री साडेअकराला ती वाचली तेव्हा वाटलं, हा कागद हातात पडला तर मी स्वतःसुद्धा या माणसाला बोलावणार नाही.

मी अकाउंट्समध्ये होतो, पुरवठादारांच्या बिलांच्या टेबलावर. कपातीची यादी लागली त्यात माझं नाव होतं आणि नियमाप्रमाणे महिनाभराची मुदत मिळाली. त्या महिन्यात साहेबांनी सांगितलं, तुमच्या जागी जो बसेल त्याला अडायला नको, सगळं लिहून द्या. मी चार दिवस बसून लिहून दिलं. त्याचा कच्चा मसुदा माझ्या वहीत राहिला होता. बायोडाटाला कोरा कागद हवा म्हणून ती वही उघडली आणि मसुद्याची पानं मोजली. अकरा भरली.

नोकरी मागायला सहा ओळी आणि नोकरी सोडताना अकरा पानं. मी बराच वेळ दोन्ही शेजारी ठेवून बघत बसलो. मग लक्षात आलं की सहा ओळींत मी माझ्या टेबलाचं नाव लिहिलं होतं, आणि टेबलावर बसून मी काय करायचो ते सगळं अकरा पानांत होतं. नवख्याला जे सांगावं लागतं तेच आपल्याला येत असतं. एरवी ते आपल्याला दिसतच नाही, हाताच्या सवयीचं झालेलं असतं.

तिसऱ्या पानावर लिहिलं होतं, "बिल नंबरावर विसंबू नये. रक्कम आणि तारीख लावून बघावी." याची गोष्ट अशी. पुरवठादाराला पैसे वेळेत मिळाले नाहीत की तो तेच बिल पुन्हा पाठवतो. पहिल्यांदा नंबर 0457 असा टाइप झालेला असतो, दुसऱ्यांदा कुणीतरी 457 टाकतो, तिसऱ्यांदा INV-457. आमचं सॉफ्टवेअर नंबर अक्षर न अक्षर जुळला तरच अडवायचं, त्यामुळे त्याच्या लेखी ही तीन वेगळी बिलं. मी दर पेमेंटच्या आदल्या दिवशी यादी आधी पुरवठादाराप्रमाणे, मग रकमेप्रमाणे लावायचो. सारखी रक्कम एकाखाली एक आली की दोन्ही बिलं काढून समोर ठेवायची. दोनदा द्यायचे पैसे असे थांबायचे. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. एकदा एकाच बिलाचे पैसे दोन वेळा गेले, परत मिळवायला तीन महिने पत्रं लिहावी लागली, तेव्हापासून सवय लागली. बायोडाटात याचं नाव होतं "बिलांची तपासणी".

मग आकड्यांवर आलो. रजिस्टरं ऑफिसात राहिली होती आणि ती मागायला जायचं नव्हतं. पण एवढं आठवत होतं की 200 पानांचं रजिस्टर साधारण पाच महिन्यांत भरायचं आणि पानावर 25 ओळी असायच्या. म्हणजे 5000 नोंदी पाच महिन्यांत, महिन्याला 1000 बिलं. दुबार बिल बहुतेक महिन्यांत एखादं सापडायचं, काही महिने कोरे जायचे, म्हणून "वर्षाला साधारण दहा" लिहिलं. जास्त लिहायचा मोह झाला होता. पण समोरच्याने कसं मोजलंत विचारलं तर सांगता आलं पाहिजे, एवढीच कसोटी मी लावली.

एकच्या सुमारास मात्र घसरलो. अंगात आलं आणि "आर्थिक नियंत्रण प्रक्रियेचे नेतृत्व केले" असं वाक्य लिहिलं. माझ्या हाताखाली कधी कुणी नव्हतं. पहिल्या प्रश्नातच उघडं पडलं असतं. खोडलं.

बायको पाणी प्यायला उठली आणि उभ्या उभ्या वाचायला लागली. एका ओळीवर बोट ठेवून म्हणाली, "पिवळी प्रत जुळवणे म्हणजे काय हो?" मी म्हटलं, "अगं, गोदामात माल उतरला की ते किती आला त्याची पावती करतात, तिची पिवळी प्रत माझ्याकडे यायची. आपण मागवला किती, आला किती आणि बिल कितीचं लावलंय, तिन्ही जुळलं तरच पैसे सोडायचे." ती म्हणाली, "मग असंच लिहा की." आणि झोपायला गेली. तोवर माझ्या लक्षातच आलं नव्हतं की पिवळी प्रत फक्त आमच्या इमारतीत पिवळी होती. मग आमच्या ऑफिसातली सगळी टोपणनावं शोधून काढली. नऊ निघाली.

शेवटी पहिली ओळ अशी झाली: "महिन्याला सुमारे 1000 पुरवठादार-बिलं मागणी, आलेला माल आणि दर यांच्याशी जुळवून पेमेंटसाठी तयार केली. वर्षाला साधारण दहा दुबार बिलं पेमेंटआधी थांबवली." पुरवठादारांची नावं आणि रकमा घातल्या नाहीत. ती जुन्या ऑफिसची माहिती, आपली नव्हे.

दुसरी ओळ बँकेच्या मेळाची होती, म्हणजे आमच्या नोंदी बँकेच्या नोंदींशी जुळवून फरक शोधायचा. वहीत सातव्या पानावर लिहिलेलं, "फरकाला 9 ने भाग गेला तर आकडे उलटे पडलेत का बघावं." 8,520 च्या जागी 5,820 पडले की फरक येतो 2,700, आणि त्याला 9 ने पूर्ण भाग जातो. शेजारचे दोन आकडे अदलाबदल झाले की नेहमीच तसं होतं. भाग गेला म्हणजे चूक तीच असेल असं नाही, पण शोधायला सुरुवात कुठून करायची ते कळतं. ही युक्ती बायोडाटात नाही घातली, तिथे "महिनाअखेरचा मेळ" आणि तो किती दिवसांत लागायचा एवढंच लिहिलं. युक्ती मुलाखतीसाठी ठेवली.

बाकीचं भराभर उरकलं. शेवटच्या आठ वर्षांना अर्धं पान दिलं, आधीची बारा तीन ओळींत बसवली. छंद गेले. नोकरी का सुटली, तिथे "कर्मचारी कपात" हे दोन शब्द आणि महिना. "वरिष्ठ सांगतील ती इतर कामे" काढायला सगळ्यात जास्त वेळ लागला, का कोण जाणे.

पहिल्या मुलाखतीत त्या बाईंनी दुबार बिलांच्या ओळीवर पेन टेकवून विचारलं, "सॉफ्टवेअर पकडतं की हे?" मी कागद मागून घेतला आणि 0457, 457, INV-457 एकाखाली एक लिहिलं. त्यांनी आतल्या खोलीतून कुणाला तरी हाक मारली आणि म्हणाल्या, आपली या महिन्याची यादी रकमेप्रमाणे लावून आण. तिथे पगाराचं जमलं नाही. त्यानंतर सात आठवड्यांनी दुसरीकडे लागलो, बिलांच्याच टेबलावर.

तुम्हीही कुणाला तरी चार्ज दिला असेल. लिहून दिला असेल तर तो कागद आधी शोधा. तोंडी दिला असेल तर त्या माणसाने पहिल्या आठवड्यात फोन करून काय काय विचारलं ते आठवून लिहा आणि इथे टाका, मी बघतो.