बुरशी आलेले शेंगदाणे भाजले तर चालतात का?

प्रश्न: पावसात डब्यातल्या शेंगदाण्यांना बुरशी आली. भाजून चटणीला वापरू का? आणि त्यानं यकृताचाच कॅन्सर का होतो, सिगारेटसारखा फुफ्फुसाचा का नाही?

उत्तर: वापरू नका. भाजल्यानं बुरशी मरते, पण तिनं आधीच सोडलेलं अफ्लाटॉक्सिन नावाचं विष बऱ्याच अंशी उरतं. कोल्हापूरच्या पावसाळी दमट हवेत शेंग नीट वाळली नसेल तर हा धोका जास्त. काळे-हिरवट, सुरकुतलेले, कडवट दाणे काढून टाका. मात्र चांगला दिसणारा दाणाही निर्धोकच असेल असं नाही, कारण हे विष डोळ्यांना दिसत नाही.

यकृतच का? अफ्लाटॉक्सिन मूळ रूपात डीएनएला फारसं चिकटत नाही. यकृतातली एन्झाइमं ते शरीराबाहेर टाकण्यासाठी बदलतात आणि त्यातच त्याचं घातक रूप तयार होतं. ते डीएनएमधल्या ग्वानिनला, म्हणजे G या अक्षराला, चिकटतं. दुरुस्तीआधी पेशी विभागली तर G च्या जागी T हे दुसरं अक्षर येतं. p53 या राखणदार जनुकाच्या २४९ व्या जागी हा बदल इतक्या वेळा सापडतो की तो अफ्लाटॉक्सिनची खूणच मानतात. हिपॅटायटिस बी असलेल्यांना धोका कित्येक पट वाढतो. घरात कुणाला असेल तर जास्तच जपा.

सिगारेटच्या धुरातलं बेंझोपायरीनही असंच बदलून ग्वानिनला चिकटतं, पण धूर आधी फुफ्फुसात जातो. उन्हातले अतिनील किरण त्वचेतच अडतात आणि डीएनएमधली शेजारची दोन अक्षरं एकमेकांना जोडून टाकतात. क्ष-किरण आरपार जाऊन डीएनएचे दोन्ही धागे तोडू शकतात, म्हणून त्यांचा धोका एकाच अवयवापुरता नसतो.