नंबर कुणाचा मागे जाणार?

"मी प्रोजेक्ट कोऑर्डिनेटर आहे. माझं निम्मं काम दुसऱ्या विभागांच्या हातात असतं आणि त्यांच्यावर माझा कसलाच अधिकार नाही. नम्रपणे मेल केली तर उत्तर येत नाही. साहेबांना सीसीत घातलं तर माणसं तोंड फिरवतात. तारीख चुकली की बोलणी मात्र मीच खाते. घाईचं काम यांच्याकडून करून कसं घ्यायचं?"

तुमचं पत्र वाचताना चाकणच्या एका कारखान्यातली एक मुलगी आठवली. गाड्यांचे सुटे भाग बनवणारा कारखाना, ही नव्या पार्टच्या विकासाचं बघायची. झोप लागत नाही म्हणून माझ्याकडे आली होती. दुसऱ्याच भेटीत तिने फोन काढून एक मेल दाखवली. 'अर्जंट – आजच रिपोर्ट हवा', खाली 'कृपया सर्वोच्च प्राधान्य द्यावे', आणि सीसीत प्लांट हेड. ही मेल तिने मापन लॅबला, म्हणजे स्टँडर्ड रूमला पाठवली होती. तीन दिवस उत्तर नव्हतं. "मी ज्युनिअर आहे ना, म्हणून ऐकत नाहीत," हे तिचं निदान.

मी विचारलं, "लॅबमध्ये तुझ्या आधी कुणाकुणाची कामं लागली आहेत?" तिला माहीत नव्हतं. दोन वर्षं ती तिथे काम देत होती, पण दारातून ट्रे ठेवून परत यायची. म्हणून पहिला गृहपाठ एवढाच दिला: काहीही न मागता लॅबमध्ये अर्धा तास बसून ये.

आली ती वेगळीच होऊन. पार्टची बारीक मापं घेणारं सीएमएम मशीन एकच. पाळी सुरू झाली की लाइनवरचे पहिले पार्ट आधी, कारण ते पास झाल्याशिवाय लाइन सुरू होत नाही. त्यानंतर टूलरूमच्या ट्रायल, आणि मग नव्या विकासाचे पार्ट, म्हणजे ही. लॅब इन्चार्जना सगळे काका म्हणतात. काकांनी चहा पाजला आणि सांगितलं, "सगळ्यांच्याच मेलवर अर्जंट असतं गं. मग जो समोर येऊन उभा राहतो त्याचं घेतो." सीसीबद्दलही बोलले: "साहेबांना मेल गेली म्हणजे आम्ही कामचुकार, हे आधीच ठरलं. मग उत्तर कशाला द्यायचं?"

आणखी एक गोष्ट तिला तिथेच कळली. 'पाच मिनिटांचं तर काम' असं ती म्हणायची, पण पार्ट आला की लगेच मोजता येत नाही. माप 20 अंश सेल्सिअसला घ्यायचं असतं. ॲल्युमिनियमचा 100 मिलिमीटरचा तुकडा 10 अंशांनी गरम असेल तर साधारण 23 मायक्रॉन लांब भरतो, आणि तिच्या काही मापांत इकडेतिकडे चालणारी सूटच तेवढी होती. म्हणून पार्ट धुऊन, कडेला राहिलेली धातूची बर काढून, लॅबच्या तापमानाला येईपर्यंत तिथे ठेवावा लागतो. नवीन पार्ट असेल तर मशीनसाठी त्याचा प्रोग्रॅम बनवण्यात मोजण्यापेक्षा जास्त वेळ जातो. तिचे पार्ट तेलकट यायचे, कधी ड्रॉइंगही जुन्या रिव्हिजनचं. काकांच्या दृष्टीने ते काम सुरूच होत नव्हतं.

तेव्हा मी तिला म्हटलं, की तू मागतेस ते प्राधान्य काकांच्या खिशात नाही. तुझा नंबर पुढे आला की कुणाचा तरी मागे जातो. तो कुणाचा, हे मेलमध्ये लिहिलंस तर त्या मेलला उत्तर येईल.

आठवडाभर आम्ही तिच्या पुढच्या एका विनंतीवरच बसलो. ड्रॉइंगवर 46 मापं होती आणि पाच पार्ट, म्हणजे 230 नोंदी. खरंच सीएमएम लागेल अशी मापं किती? तिने क्रमांकवार यादी केली. व्हर्निअर, मायक्रोमीटर, हाइट गेजवर येणारी मापं तिच्याच विभागातला इन्स्पेक्टर घेऊ शकत होता. छिद्रांच्या पोझिशनची आणि प्रोफाइलची मिळून नऊ उरली. मग तिने ग्राहकाच्या क्वालिटीवाल्यांना फोन केला: शुक्रवारी एका पार्टचा पूर्ण रिपोर्ट दिला आणि बाकी चार सोमवारी दिले तर चालेल का? ते हो म्हणाले. हा फोन तिने आधी कधी केलाच नव्हता. ग्राहकाने दिलेली तारीख ती दगडावरची रेघ समजायची.

म्हणजे मागणी आता प्रोग्रॅम धरून तीनेक तासांची झाली. गुरुवारी दुसऱ्या पाळीत टूलरूमची एक ट्रायल लागली होती. ती सरकली तर जागा होत होती, म्हणून ती आधी टूलरूममध्ये गेली. त्यांना शुक्रवारी सकाळी चालणार होतं. मग काकांना समोर भेटली, आणि बोलणं झाल्यावर मेल केली. त्यांच्याकडे मेल इंग्रजीत जाते, आशय मराठीत देते:

"काका, आपलं बोलणं झालं त्याप्रमाणे. गुरुवारी दुसऱ्या पाळीत एका हाऊसिंगची नऊ मापं हवी आहेत, क्रमांक ड्रॉइंगवर गोल केलेत, रिव्हिजन ताजं आहे. उरलेली 37 आम्ही घेतो. पार्ट धुऊन बुधवारी संध्याकाळी लॅबमध्ये ठेवते. टूलरूमची ट्रायल शुक्रवारी सकाळी न्यायला त्यांची हरकत नाही, त्यांना सीसीत ठेवलंय. रिपोर्ट शुक्रवारी दुपारी ग्राहकाला जायचा आहे. जमणार नसेल तर बुधवारी दुपारपर्यंत सांगा, मी बाहेरच्या लॅबची सोय करते."

शेवटच्या वाक्यावर आम्ही बराच वाद घातला. तिला ते धमकीसारखं वाटत होतं. मला तसं वाटलं नाही. नाही म्हणायला वाट ठेवली नाही तर माणूस नाही म्हणत नाही, गप्प बसतो. मात्र ती सोय खरी हवी. बाहेरच्या लॅबचा दर आणि लागणारा वेळ तिने आधी विचारून ठेवला होता.

टूलरूम नाही म्हणाली असती तर? तर निर्णय ना हिचा, ना काकांचा. अशा वेळी सीसी न करता दोघांनी मिळून प्लांट हेडकडे जायचं आणि एवढंच विचारायचं, की या दोन कामांतलं आधी कुठलं. कुणाची तक्रार करायची नाही.

एक गोष्ट मी तिला कडक शब्दांत सांगितली, ती तुम्हालाही सांगते. ग्राहकाची तारीख तिला तीन आठवडे आधी माहीत होती. लॅबला कळवलं चार दिवस आधी. महिन्यातून एखाद्या वेळी असा नंबर मागता येतो; दर आठवड्याला मागावा लागत असेल तर तारीख कबूल करण्याआधीच लॅबच्या रजिस्टरमध्ये डोकावायला हवं. दुसऱ्यांचं ऐकणं-न ऐकणं तिथे नंतर येतं.

गुरुवारी संध्याकाळी लाइनवर काहीतरी बिघडलं आणि तिचा पार्ट बाजूला पडला. काकांनी पाच वाजता स्वतः फोन करून सांगितलं. एरवी तिला हे दुसऱ्या दिवशी कळलं असतं. शुक्रवारी सकाळी टूलरूमच्या आधी तासभर काढून त्यांनी माप घेतलं, रिपोर्ट दुपारी हातात आला, आणि एका छिद्राची पोझिशन सूट सोडून बाहेर निघाली. पार्ट नापास.

"दुरुस्त करून आणशीलच," काका म्हणाले, "प्रोग्रॅम आता तयार आहे. मंगळवारी दुपारची जागा लिहून ठेवतो. धुऊन आण."