यूपीआय ‘बंद आहे’, ‘बंद पडले’ की ‘बंद ठेवले’?

प्रश्न: ‘मी एका सहकारी बँकेत आहे. यूपीआयची अडचण आली की मुख्य कार्यालयातून इंग्रजी मजकूर येतो आणि ग्राहकांसाठी त्याचं मराठी मी करतो. मागच्या वेळी असं केलं होतं: “तांत्रिक समस्येमुळे सध्या काही ग्राहकांना यूपीआय व्यवहारांमध्ये अधूनमधून व्यत्यय अनुभवास येऊ शकतो. वजा झालेली रक्कम स्वयंचलितरीत्या परत केली जाईल. कृपया थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करावा. आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.” तरी लोक विचारायला शाखेत येतातच. कोणते शब्द बदलू?’

‘व्यत्यय’च्या जागी ‘अडथळा’ आणि ‘स्वयंचलितरीत्या’च्या जागी ‘आपोआप’ लिहा, वाचायला बरं वाटेल. पण लोक तरीही येतील, कारण ज्याच्या खात्यातून दोन हजार गेले आणि समोरच्याला पोचले नाहीत, त्याला या मजकुरातून काहीच कळत नाही. त्याला विचारायचं असतं की पैसे आत्ता कुठे आहेत, परत कधी येतील आणि मी पुन्हा पाठवू का.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या मजकुरात आहे, पण ते घातक आहे. ‘थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करावा’ हे वाक्य वेबसाइट उघडत नसेल तेव्हा ठीक. यूपीआयमध्ये व्यवहार ‘पेंडिंग’ दिसत असेल, तर त्याचा निकाल लागायचा असतो. तो मागाहून पूर्ण होऊ शकतो. अशा वेळी पुन्हा पाठवलं तर दोन्ही रकमा जाऊ शकतात. म्हणून ‘तेच पैसे पुन्हा पाठवू नका’ असं सरळ नकारार्थी लिहा, आणि तेही मजकुराच्या वरच्या भागात. तळाशी दिलगिरीजवळ ठेवलेली सूचना कोणी वाचत नाही.

आता ‘तांत्रिक समस्येमुळे’. इंग्रजीत असं लिहून कर्ता बाजूला ठेवता येतो. मराठीत त्याहून नेमकं सांगायची सोय साध्या क्रियापदांतच आहे. ‘यूपीआय बंद आहे’ म्हटलं की फक्त स्थिती कळते. ‘बंद पडले’ म्हटलं की आपोआप बिघडलं, कोणी मुद्दाम केलं नाही. ‘बंद ठेवले’ म्हटलं की कोणीतरी विचार करून केलं. हा फरक ग्राहकाच्या मनात फार मोठा असतो. ३१ जुलै २०२४ रोजी बँकांना तंत्रसेवा पुरवणाऱ्या सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीवर रॅन्समवेअरचा हल्ला झाल्याची बातमी आली. संसर्ग पसरू नये म्हणून यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेने त्या कंपनीचा आपल्या पेमेंट यंत्रणांशी असलेला संपर्क तात्पुरता तोडला. बातम्यांनुसार सुमारे ३०० लहान बँकांच्या ग्राहकांना त्याचा फटका बसला आणि दुसऱ्या दिवशी जोडणी पूर्ववत झाली. अशा प्रसंगी ‘तांत्रिक बिघाड’ लिहिणं चूकच, कारण जोडणी खबरदारी म्हणून तोडलेली होती. ‘खबरदारी म्हणून यूपीआय बंद ठेवण्यात आले आहे’ हे खरं आहे आणि ते वाचून माणूस कमी घाबरतो. ‘बंद पडले’ की ‘बंद ठेवले’ हे इंग्रजी मसुद्यावरून कळत नसेल, तर मराठी लिहिण्याआधी मुख्य कार्यालयाला फोन करून विचारा.

‘अनुभवास येऊ शकतो’ मला सगळ्यात जास्त खटकतं. अडचण आत्ता चालू आहे, मग ‘येऊ शकतो’ कशाला? ‘काही व्यवहार पूर्ण होत नाहीत’ असं लिहा. ‘अधूनमधून’ही त्यात येऊन जातं.

‘आपल्याला’, ‘आपली रक्कम’ यांतला ‘आपला’ आदराचा आहे हे मान्य, पण मराठीत तो तुमचाही असतो आणि आपल्या दोघांचाही. ‘आपल्या बँकेच्या सर्व्हरमध्ये अडचण आहे’ म्हटलं तर पाठवणाऱ्याची बँक की घेणाऱ्याची? यूपीआयच्या व्यवहारात बहुतेक वेळा दोन बँका असतात, त्यामुळे हा गोंधळ खरोखर होतो. ग्राहकासाठी ‘तुम्ही’ आणि बँकेसाठी ‘आम्ही’ ठेवा. ‘तुम्ही’ पुरेसं आदरार्थी आहे.

वेळेबाबतही तसंच. ‘सध्या’ लिहिलेला मेसेज माणूस संध्याकाळी वाचतो आणि त्याला वाटतं की अजून बंदच आहे. ‘परवा’ तर आपल्याकडे मागचाही असतो आणि पुढचाही. वार आणि तारीख दोन्ही द्या. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकात मुदती ठरलेल्या आहेत. एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पाठवलेले पैसे जमा होऊ शकले नाहीत, तर ते व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत यायला हवेत. दुकानदाराला पैसे मिळाल्याची खात्री झाली नसेल, तर मुदत पाच दिवसांची. त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई, आणि तीही ग्राहकाने तक्रार करण्याची वाट न पाहता. इंग्रजी मसुद्यातलं ‘परत केली जाईल’ ही मुदत गिळून टाकतं. तारीख दिसली की ग्राहक तोवर थांबायला तयार असतो.

‘वजा झालेली रक्कम’ समजतं, पण शुल्क कापल्यासारखं वाटतं. लोक ‘पैसे कट झाले’ किंवा ‘पैसे अडकले’ म्हणतात. बँकेने ‘अडकले’ लिहिलं तर धास्ती वाढेल. ‘खात्यातून गेले, पण समोरच्याला मिळाले नाहीत’ हे लांब असलं तरी नेमकं तेच झालेलं असतं.

मंगळवारी १० तारखेला ११ वाजता अडचण सुरू झाली असं धरून मी असं लिहीन:

‘आज, मंगळवार १० तारखेला सकाळी ११ पासून आमच्या बँकेचे यूपीआय नीट चालत नाही. काही जणांच्या खात्यातून पैसे गेले, पण समोरच्याला मिळालेले नाहीत. ॲपमध्ये “पेंडिंग” दिसत असेल तर तेच पैसे पुन्हा पाठवू नका. समोरच्याच्या खात्यात जमा न झालेले पैसे बुधवार ११ तारखेपर्यंत तुमच्या खात्यात परत येतील. दुकानात दिलेले पैसे परत यायला रविवार १५ तारखेपर्यंत वेळ लागू शकतो. त्यासाठी अर्ज करावा लागत नाही. पैसे परत मिळवण्यासाठी पिन किंवा ओटीपी लागत नाही; कोणी मागितला तर देऊ नका. तुमची गैरसोय झाली, त्याबद्दल दिलगीर आहोत.’

पिनचं वाक्य गाळू नका. यूपीआय बंद पडल्याची बातमी पसरली की ‘रिफंड करून देतो’ म्हणणाऱ्यांचे फोन सुरू होतात.

हा मजकूर शाखेतल्या फलकासाठी आणि व्हॉट्सॲपसाठी. एसएमएसचं गणित वेगळं आहे. इंग्रजीत एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं बसतात, देवनागरीत ७०, आणि त्यात काना, मात्रा, हलंतही वेगळे मोजले जातात. ‘व्यवहार’ हा एकच शब्द ७ जागा घेतो. शिवाय बँकेच्या एसएमएसचा साचा आधीच नोंदवून मंजूर करून घ्यावा लागतो. त्यामुळे तारीख, वार आणि वेळ यांच्या जागा मोकळ्या ठेवून मराठी साचा आजच नोंदवा. एसएमएसमध्ये काय बंद आहे, पुन्हा पाठवू नका आणि पैसे कोणत्या तारखेपर्यंत येतील, एवढंच ठेवा, बाकीचं फलकावर.

सेवा सुरू झाल्यावर दुसरी सूचनाही लागते. ‘सेवा पूर्ववत झाली आहे’ वाचून ज्याचे पैसे अजून आले नाहीत तो संतापतो, कारण त्याच्यासाठी काहीच पूर्ववत झालेलं नसतं. ‘दुपारी २ पासून यूपीआय पुन्हा सुरू आहे. सकाळी गेलेले पैसे अजून परत आले नसतील, तर वर दिलेल्या तारखेपर्यंत येतील’ अशी दोन वाक्यं एकत्र लिहा, आणि ही सूचना पहिलीच्या खालीच लावा, म्हणजे ‘वर दिलेली तारीख’ खरोखर वर दिसेल.