दागिन्यांचे बजेट तोळ्यांत नव्हे, बिलात मांडा

ताई, सांगलीच्या सराफ कट्ट्यावर जाण्यापूर्वी एक हिशेब करून पाहा: 1 लाखाच्या सोन्यावर 14 टक्के घडणावळ धरली, तर 3 टक्के जीएसटीसह बिल 1,17,420 रुपये होते, आणि पुढे मोडताना मात्र साधारण सोन्याचीच किंमत हाती येते. म्हणून मोठी रक्कम कमी घडणावळीच्या, रोज वापरता येणाऱ्या साध्या पाटल्यांत घाला. हिरे कुड्यांपुरतेच ठेवा, कारण मोडीत त्यांची किंमत बरीच घटते. नवखी मंडळी हमखास फसतात ती खडे-मोत्यांसकट वजनाला सोन्याचा भाव देऊन. बिलावर निव्वळ वजन वेगळे लिहून घ्या. जड राणीहार बहुधा एकदाच घातला जातो, तो मुलाम्याचा असला तरी फोटोत कुणाला कळत नाही.