रिसेप्शनचं भाषण: कुठे मराठी, कुठे इंग्रजी

लग्नसमारंभांचं सूत्रसंचालन करता करता आता मी भाषणं लिहायलाही मदत करते. या वेळी आलेल्या बहुतेक पत्रांमध्ये भाषेचाच पेच होता, म्हणून त्यातली पाच निवडली आहेत.

मुलीचं लग्न कोइमतूरच्या मुलाशी ठरलंय. रिसेप्शन पुण्यात, साधारण 300 माणसं. निम्मी आमची कराडकडची, साठेक जण तिकडचे, बाकी दोघांच्या ऑफिसातले. मला पाच मिनिटं बोलायचंय. मराठीत बोलू, इंग्रजीत, की सगळ्यांना चालेल म्हणून हिंदीत?

हिंदी बाजूला ठेवा. तमिळनाडूच्या सरकारी शाळांत 1968 पासून तमिळ आणि इंग्रजी अशा दोनच भाषा शिकवतात, त्यामुळे तुमच्या व्याह्यांकडच्या मंडळींना हिंदीपेक्षा इंग्रजी जवळची असण्याचा संभव जास्त. तुमच्या कराडच्या माणसांना हिंदी कळेल, पण कराडचे तुम्ही लेकीबद्दल हिंदीत बोलताय हे त्यांना परकं वाटेल.

मग मराठी किती आणि इंग्रजी किती? याचं उत्तर माणसं मोजून काढू नका. एक कागद घ्या आणि तुम्हाला नक्की कोणाकोणाशी बोलायचंय ते लिहा. तुमच्या बाबतीत मला तिघं दिसतात: व्याही, लेक आणि तुमची गावाकडची माणसं. ज्याच्याशी बोलताय त्याची भाषा, आणि तो भाग संपेपर्यंत तीच. भाषा बदलायची ती माणूस बदलल्यावर, वाक्याच्या मधेच नाही.

सुरुवात व्याह्यांपासून करा. तमिळमध्ये आदरानं ‘या, या’ म्हणताना ‘वांग, वांग’ म्हणतात. तेवढा एक शब्द शिकून घ्या. तो ऐकून तिकडची मंडळी खुलतील, आणि आपल्याकडच्यांना वांगं आठवून हसू येईल. दोन्ही बाजू एकाच शब्दावर, एकाच क्षणी हसतात असा प्रसंग भाषणात सहसा मिळत नाही. हसू ओसरलं की इंग्रजीत या.

इंग्रजीत त्यांना सांगण्यासारखी एक खरी गोष्ट तुमच्याकडे आहे. आज तुम्ही दोघे बाप एकमेकांचे जे झालात, त्याला रोजच्या इंग्रजीत शब्दच नाही. मराठीत ‘व्याही’ आहे, तमिळमध्ये ‘संबंधी’ आहे. हे साध्या इंग्रजीत तीन वाक्यांत सांगता येतं. सांगताना त्यांच्याकडे बघून ‘संबंधी’ म्हणा आणि मग आपल्या माणसांकडे वळून ‘व्याही’ म्हणा. दुसरी गोष्टही अशीच. इंग्रजीतल्या ‘वुई’मधून आम्ही की आपण हे कळत नाही. मराठीत ते दोन वेगळे शब्द आहेत आणि तमिळमध्येही आहेत: आम्ही म्हणजे ‘नांगळ’, आपण म्हणजे ‘नाम’. कालपर्यंत आम्ही आणि तुम्ही होतो, आजपासून आपण, हे त्यांना त्यांच्याच शब्दात कळेल. दोन्ही गोष्टी मात्र एकाच भाषणात घेऊ नका. एक निवडा, मी व्याही निवडेन.

आता लेक. तिच्याशी इंग्रजीत बोलू नका. तिच्या लहानपणचं जे सांगाल ते घरात मराठीतच घडलेलं असणार. पण 60 माणसं त्या वेळी नुसती बघत बसतील, ही तुमची काळजीही रास्त आहे. त्यावर मी वापरते तो उपाय सांगते. तुम्ही घरी नेहमी म्हणत आलात असं एखादं वाक्य शोधा, चार-पाच शब्दांचं. समजा, ती शिकायला पुण्याला निघाली की दर वेळी एसटी स्टँडवर तुम्ही म्हणायचात, ‘पोहोचलीस की फोन कर.’ व्याह्यांशी इंग्रजीत बोलताना मधेच हे सांगून टाका: मी मुलीला निरोप देताना नेहमी चार मराठी शब्द म्हणतो, पोहोचलीस की फोन कर, आणि त्याचा अर्थ हा. एवढंच सांगून पुढे जा. मग लेकीकडे वळा, मिनिटभर मराठीत बोला आणि शेवट त्याच वाक्यानं करा. त्या क्षणी कोइमतूरच्या आजोबांनाही ते कळतं, कारण अर्थ त्यांच्या हातात आधीच दिलेला असतो. अर्थ आधी, मूळ शब्द नंतर. उलट केलंत तर ते स्पष्टीकरण होतं आणि मन त्यातून निसटतं.

दोन अटी. असं वाक्य भाषणात एकच ठेवा, दुसरं आलं की लोकांना आठवत नाही. आणि ते खरंच घरातलं असू द्या. भाषणासाठी बनवलेलं वाक्य लेकीच्या चेहऱ्यावरून लगेच ओळखू येतं.

शेवटचं अर्धं मिनिट गावाकडच्या माणसांचं. लांबून आलात, जेवल्याशिवाय कोणी हलायचं नाही, असं तुमच्या नेहमीच्या मराठीत सांगा. पाच मिनिटांचा हिशोब असा: व्याह्यांकडे दोन, लेकीकडे दीड, गावाकडे अर्धं, उरलेलं एक मिनिट हसण्याला आणि तुमचा आवाज भरून येईल त्याला.

भावाच्या लग्नात मी बोलणार आहे. वहिनीकडचे पाहुणे अमराठी आहेत. प्रत्येक वाक्य आधी मराठीत आणि मग इंग्रजीत म्हटलं तर कोणीच वगळलं जाणार नाही ना?

असं मी एकदा स्टेजवरून केलं होतं, वरपित्याच्या आग्रहाखातर. 4 मिनिटांचं भाषण 9 मिनिटं चाललं. विनोदावर आधी अर्धा हॉल हसला. मग मी तो इंग्रजीत सांगितला तेव्हा उरलेल्यांनी सभ्यपणे हसून दाखवलं, कारण काहीतरी गमतीचं येतंय हे त्यांना आधीच कळलं होतं. शेवटी तर दोन्ही भाषा येणारी तरुण मंडळी, म्हणजे ज्यांना एकही शब्द नवा नव्हता ती, फोन काढून बसली. प्रत्येक गोष्ट त्यांनी दोनदा ऐकली होती.

त्यापेक्षा मजकूर वाटून घ्या. भावाचा लहानपणचा एक किस्सा मराठीत, वहिनी पहिल्यांदा घरी आली तो दिवस इंग्रजीत. मराठी किस्सा सुरू करण्याआधी एक इंग्रजी वाक्य टाका: आता मी भावाची एक चोरी उघडी करणार आहे, त्याचं तोंड बघत राहा. न कळणाऱ्यांनाही बघायला काहीतरी मिळतं. असा भाग दीड मिनिटाच्या आत संपवा. त्यापुढे न कळणारी माणसं आपसात बोलायला लागतात आणि ती कुजबुज कळणाऱ्यांनाही ऐकू देत नाही.

आभार आणि नावं मात्र दोन्ही भाषांत असू द्यात. नाव कोणीही दोनदा ऐकतं. घरच्यांची ओळख करून देताना इंग्रजीतल्या ‘आंटी’वर थांबू नका. ‘ही माझी आत्या, वडिलांची बहीण’ असं म्हणा. उत्तरेकडच्यांना बुआ आणि मौसी वेगळ्या असतात, त्यांनाही हा फरक हवाच असतो.

मी न्यू जर्सीत वाढले. बहिणीच्या लग्नाला आजी येतेय, 84 वर्षांची, इंग्रजी येत नाही. मला मराठी कळतं पण बोलताना अडखळते आणि देवनागरी वाचता येत नाही. चुकीचं मराठी बोलण्यापेक्षा इंग्रजीतच बोललेलं बरं का?

भाषण इंग्रजीतच करा आणि त्यात आजीसाठी चार मराठी वाक्यं ठेवा. चारच, म्हणजे पाठ होतात.

ती वाक्यं आजीशी बोलायची आहेत, आजीबद्दल नाही. तुमच्या घरी आजीला ‘अगं आजी, तू’ म्हणत असाल तर स्टेजवरही तेच म्हणा. कोणीतरी मोठ्या मनानं सुधारून ‘तुम्ही’ किंवा ‘आपण’ लिहून देईल. ते घेऊ नका, त्यानं नात अचानक पाहुणी होते. ‘आजी, तू आलीस. मला वरण-भात कालवून भरवणारी तू पहिली’ अशी वाक्यं पुरतात.

लिहून घेतलेला मराठी मजकूर रोमन लिपीत असेल तर तीन ठिकाणी फसगत होते. ल आणि ळ एकसारखेच दिसतात, म्हणून ‘बाळ’चं ‘बाल’ होतं. चचे उच्चार दोन आहेत: ‘चमचा’तला दाताजवळचा आणि ‘चार’मधला टाळूचा. जचंही तसंच, ‘जग’ आणि ‘जीव’ म्हणून बघा. तिसरं म्हणजे क्रियापदाचं लिंग: तुम्ही ‘मी आले, मी शिकले’ म्हणणार, भावाकडून शिकलात तर ‘आलो’ येईल. म्हणून कागदावर भिस्त ठेवू नका. आईकडून किंवा आत्याकडून ती चार वाक्यं फोनवर रेकॉर्ड करून घ्या आणि आठवडाभर ऐकून म्हणत राहा. अमेरिकी वळण थोडं राहील, त्याचं आजीला काही वाटणार नाही. अडखळलात तर थांबा आणि तेच वाक्य पुन्हा म्हणा. तिथून इंग्रजीत पळू नका.

माझा नवरा आयरिश आहे. रिसेप्शनला उखाणा घ्यायचा आग्रह होतोय. तिकडच्यांसाठी तो इंग्रजीत करावा का?

उखाणा मराठीतच घ्या. यमक आणि त्यात गुंफलेलं नाव, एवढ्यावर तो उभा असतो. इंग्रजीत नेला की नाव उरतं, गुंफण जाते. पण नाव तर त्यांनाही ओळखू येतं! म्हणून आधी इंग्रजीत दोन वाक्यं सांगा: आमच्याकडे पूर्वी बायका नवऱ्याचं नाव सहसा घेत नसत, घेतलं तर असं कवितेत लपवून. आता मी तेच करतेय, तुम्हाला नाव ऐकू आलं की टाळ्या वाजवा. मग म्हणा,

तुळशीपुढे दिवा, दिव्यात तेवते वात,
डॅनियलच्या हातात दिला आज हात.

नाव दुसऱ्या ओळीतच यावं, नाहीतर टाळ्यांत उरलेला उखाणा बुडतो. आणि तिकडे घरात त्याला ज्या नावानं हाक मारतात तेच घ्या. ‘डॅनियलराव’ केलंत तर त्याच्या आईला ते कळणारच नाही.

मी अकोल्याचा. मित्राच्या लग्नात पुण्यात बोलायचंय. घरी वऱ्हाडी बोलतो. प्रमाण मराठी बोलू की सरळ इंग्रजी?

मित्राशी तुम्ही ‘मले सांग, तुले काय वाटते’ असंच बोलत असाल तर त्याच्याबद्दलचा किस्साही तसाच सांगा. पुण्याच्या माणसांना वऱ्हाडी कळते, फक्त वेग थोडा कमी ठेवा आणि एखादा अगदी गावचाच शब्द आला तर पुढच्या वाक्यात त्याचा अर्थ आपोआप येईल असं बघा. मुलीकडच्यांचं अभिनंदन प्रमाण मराठीत केलंत तरी चालेल. इंग्रजीची गरज मला इथे दिसत नाही.