मोबाइलशिवाय घास न घेणारं मूल

"मुलगा २६ महिन्यांचा आहे. मोबाइल लावल्याशिवाय घास घेत नाही, बंद केला की लोळण घेतो. आम्ही दोघंही नोकरी करतो. आमच्यामुळे त्याचं नुकसान झालंय का?"

मी तासांचा हिशेब नंतर मांडते, आधी मुलाकडे बघते. नावानं हाक मारल्यावर तो वळला. कपाटावरच्या गाडीकडे बोट दाखवून बाबांकडे पाहिलं आणि "गाडी दे" म्हणाला. दोन शब्द जोडणं, बोटानं दाखवणं या वयात दिसायला हवं आणि ते दिसत होतं. दिसलं नसतं, तर मी लगेच बालरोगतज्ज्ञांकडे आणि श्रवणचाचणीला पाठवलं असतं. अशा वेळी नुसता मोबाइल बंद करून वाट बघत बसण्यात मोलाचे महिने जातात.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये २ ते ४ वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला जास्तीत जास्त १ तास स्क्रीन सुचवली आहे, त्याहून कमी असेल तर उत्तम. पण तास ओलांडला की इजा झाली, असा त्याचा अर्थ नाही. स्क्रीनमुळे झोप, खेळ आणि गप्पा किती मागे पडतात, ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

या घरात मोबाइल तीनदा लागायचा: सकाळी आवरताना, दुपारी आजी भरवताना आणि रात्री जेवताना. आम्ही फक्त रात्रीचं जेवण निवडलं, कारण तेव्हा दोघं घरी असतात. बाकी तसंच ठेवलं. आजीवर एकदम भार टाकला असता, तर सगळंच फिसकटलं असतं.

स्क्रीनकडे बघत खाणाऱ्या मुलाला पोट भरल्याचं नीट कळत नाही. म्हणून ताट सगळ्यांसोबत, घास त्याच्या हातानं आणि साधारण अर्ध्या तासानं ताट उचलायचं, मागे धावायचं नाही. सुरुवातीला तो कमी जेवला. वजन नीट वाढत असल्यानं आम्ही थांबू शकलो. वजन वाढत नसेल किंवा गिळताना ठसका लागत असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवावं.

मोबाइल बंद करण्याचा प्रश्न सकाळी उरलाच. "दोन मिनिटांत बंद करते" असं आई सांगायची, पण या वयाला दोन मिनिटं म्हणजे किती ते उमगत नाही. मग आपोआप पुढचा व्हिडिओ लागण्याची सोय बंद केली. गोष्ट संपली की तो स्वतः बटण दाबायचा आणि लगेच बूट घालायला जायचा. पहिले काही दिवस रडणं वाढलं. आई जवळ बसून राहिली, पण रडला म्हणून मोबाइल परत दिला नाही. दिला असता, तर पुढच्या वेळी तो आणखी जोरात रडला असता.

आता रात्रीचं जेवण बहुतेक दिवस मोबाइलविना होतं. सकाळची एक गोष्ट अजून चालू आहे आणि ती बंद करायला मी सांगितलेलं नाही. दुपारचं कसं करायचं, ते पुढच्या भेटीत आजींशी बोलून ठरवू.